चढत्या यादीतला दहावा चित्रपट

१

चित्रपट सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती, तेवढ्यात सुधींद्रराव खुर्चीतून उठले आणि पडद्याकडे हात करून म्हणाले, "बंद करा. हा तो नव्हे."

चेन्नईच्या पेरुंगुडीतल्या त्या अपार्टमेंटच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं बसली होती. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर सांभाळणारा देवेश गडबडला. त्याला थांबवायचं बटण सापडेपर्यंत उशीर झाला होता. पडद्यावर एक निवृत्त पोलीस अधिकारी जेवणाच्या टेबलावर आपल्या जुन्या तपासाची गोष्ट रंगवून सांगत होता. "तीन चाव्यांचं ते प्रकरण आठवतंय ना? खून कारकुनाने केला होता," असं त्याचं वाक्य खाली अक्षरांत उमटलं आणि मगच चित्र गोठलं.

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. त्या दिवशी 'तीन चाव्या' हाच चित्रपट दाखवायचा होता. खुनी कोण हे शोधायला आलेल्या लोकांना तो फुकटात कळला होता.

चेन्नईतल्या मराठी लोकांचं हे चित्रपट मंडळ. निम्मे तंजावरकडून पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले, निम्मे पुण्या-नागपुराकडून सिरुसेरीच्या कंपन्यांत आलेले. २००७ सालच्या जानेवारीपासून सुधींद्ररावांनी त्यांच्यासाठी जुन्या गुप्तहेरपटांची मालिका लावली होती. एकूण बारा चित्रपट, सोप्याकडून अवघडाकडे चढत जाणारे. बहुतेक परदेशी, म्हणून नावं मंडळानेच मराठीत ठेवलेली. ही चढती यादी म्हणजे सुधींद्ररावांची जन्माची मिळकत होती. पंचवीस वर्षं ते तिच्यावर व्याख्यानं देत होते. त्या दिवशी एका वाहिनीची माणसं कॅमेरा घेऊन आली होती ती त्यासाठीच.

कॅमेरा चालू होता. सुधींद्ररावांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. त्यांना समोरची माणसं धुक्यातून दिसावीत तशी दिसत. मंडळाचे खजिनदार गुरुमूर्ती जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "राव, होतं असं. डोळ्यांचं आता..."

"माझ्या डोळ्यांचं नाव काढू नका," सुधींद्रराव म्हणाले. वाहिनीच्या बाईंनी सामान आवरायला घेतलं, तेव्हा ते शेजारी उभ्या असलेल्या, मंडळातल्या अदितीचा दंड धरून म्हणाले, "हे कुणीतरी केलंय. तू मला त्याचं नाव आणून दे. ह्याच हॉलमध्ये, ह्याच लोकांसमोर मी त्याला उभा करणार आहे."

२

अदिती मूळची अमरावतीची. सिरुसेरीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. चूक कुठे आहे हे सगळ्यांनाच दिसतं. चूक अशीच का झाली, हे शोधण्याचा तिला पगार होता.

तिने आधी डीव्हीडीच्या तबकड्या तपासल्या. त्या कोऱ्या पांढऱ्या होत्या. नाव वाचलं की लोक घरी जाऊन इंटरनेटवर शेवट शोधतात, म्हणून फक्त कागदी पाकिटांवर क्रमांक घातलेले. तिने उरलेली पाकिटं एकामागून एक लावून पाहिली. चार नंबरच्या पाकिटात नववा चित्रपट होता आणि नवव्यात चौथा, हे तर कळलंच होतं. पण पाचवा आणि दहावा यांचीही अदलाबदल झालेली होती, तशीच सातव्याची आणि अकराव्याची. बाकी सगळे जागच्या जागी होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती सुधींद्ररावांच्या घरी गेली.

"मला यादी समजावून सांगा," ती म्हणाली. "क्रम कसा ठरला, ते."

सुधींद्ररावांचा चेहरा जरा उजळला. हे व्याख्यान त्यांना तोंडपाठ होतं.

"पहिला सोपा. एकच घर, सहा पाहुणे, एक खून. काळ सरळ पुढे जातो आणि गुप्तहेराला जे दिसतं ते सगळं आपल्यालाही दिसतं. लोकांना आधी खेळाचे नियम कळले पाहिजेत. मग एकेक गाठ वाढवायची. दुसऱ्यात संशयित वाढतात, तिसऱ्यात मागच्या काळातले प्रसंग मध्ये येतात. चौथ्यात खोटं उत्तर येतं: सगळ्यांना पटतं आणि मग मोडून पडतं."

"आणि सातवा? त्यात तर खुनी पहिल्याच दृश्यात दिसतो, असं तुम्ही म्हणाला होतात."

"म्हणून तर तो सोपा वाटतो. पण तो पहिला लावला तर माणसाला 'कोण' शोधण्याची मजा कळतच नाही. ती मजा कळल्यावर ती काढून घ्यायची आणि म्हणायचं, आता तो पकडला कसा जाईल ते बघ. शिवाय पाचवा-सहावा जड आहेत. त्यांच्यानंतर थोडा श्वास घ्यायला जागा हवी."

"अकरावा?"

"'पाद्र्याची रोजनिशी'. त्यात गोष्ट सांगणाराच खोटं बोलतो. असा चित्रपट दहा प्रामाणिक चित्रपटांनंतरच दाखवायचा. विश्वास बसलेलाच नसेल तर तो मोडणार कसा? आधी दाखवला तर लोक म्हणतात, ही फसवणूक आहे. आणि पुढच्या कुठल्याच चित्रपटावर विश्वास ठेवत नाहीत."

"म्हणजे अकरावा सातव्याच्या जागी आला तर..."

"मालिका मेली," सुधींद्रराव म्हणाले. "आणि नववा चौथ्याच्या आधी आला की चौथा मेला, ते तू पाहिलंसच. दोन्ही एकाच दिग्दर्शकाचे. ज्यात दुसऱ्याचं उत्तर फुटतं तो नेहमी नंतर ठेवायचा."

अदितीने मान हलवली. ही चूक आंधळेपणाने झालेली नव्हती. कुणीतरी यादी पाठ करून, कुठे मारलं की जास्त लागेल ते बघून घाव घातला होता. सुधींद्ररावांच्याच हातून हे झालं असेल, हे ओझं तिच्या मनावरून उतरलं आणि दुसरं चढलं.

"दहाव्याचं काय? 'बंद दवाखाना'?"

"तो अवघडच," ते पटकन म्हणाले. "खुनाचा हेतू शेवटपर्यंत झाकलेला आहे. ती परिचारिका खून का करते, हे प्रेक्षकाला स्वतःच जुळवावं लागतं. तो पाचवा दाखवला तर लोक वैतागून उठून जातील." आणि मग, जवळजवळ प्रेमाने, त्यांनी विचारलं, "नाव कळलं का?"

३

तबकड्यांची पेटी हॉलच्या कपाटात असायची. तिथवर हात पोचणारी माणसं तीनच होती.

देवेश मराईमलाईनगरच्या मोटार कारखान्यात इंजिनियर होता. फेब्रुवारीत त्याने यादीत एक नवा चित्रपट घालायला सुचवलं होतं, तेव्हा सुधींद्ररावांनी भर सभेत त्याला विचारलं होतं, "तुमच्या कारखान्यात चाक छपरावर बसवतात का?" सगळे हसले होते.

"राग आहे," देवेश कँटीनमध्ये पोंगल खाताना म्हणाला. "खोटं कशाला बोलू? तो माणूस हॉलमध्ये तोंडावर पडला तेव्हा मला बरं वाटलं. पण मला यादीतले पुढचे चित्रपट माहीतच नाहीत. मी ते आधी बघत नाही. आधी बघून मग कोडं सोडवल्यासारखं दाखवणारे लोक मला आवडत नाहीत."

ते खरं होतं. मंडळात चित्रपट शेवटच्या उलगड्याआधी थांबवून प्रत्येकाकडून चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहून घेत. निम्म्याहून जास्त जणांचं बरोबर आलं तर चित्रपट सोपा. कुणाचंच आलं नाही, पण उलगडा झाल्यावर 'अरे, हे तर समोरच होतं' असं सगळे म्हणाले, तर तो योग्य जागी. देवेशच्या तिन्ही चिठ्ठ्या चुकल्या होत्या आणि त्याने त्या मोकळेपणाने सगळ्यांना दाखवल्या होत्या.

गुरुमूर्ती अड्यारला राहत. तबकड्या त्यांनीच मिळवून आणल्या होत्या, प्रत्येक प्रत आली तशी स्वतः बघून तपासली होती. यादीची त्यांना सगळ्यांत जास्त माहिती होती. अध्यक्षपदावरही त्यांचा डोळा होता, हे ते लपवत नव्हते.

"मी करायचं असतं तर दुसऱ्या तऱ्हेने केलं असतं," ते शांतपणे म्हणाले. "पाच आणि दहा मी कशाला बदलेन? 'बंद दवाखाना' पाचवा आला तर काही बिघडत नाही. खरं म्हणजे तो तिसरा असायला हवा. फार सोपा आहे तो."

"सुधींद्रराव तर म्हणतात अवघड आहे."

"त्यांना मी एकदा सांगून बघितलं. अंगावर आले. यादीला हात लावायचा नाही म्हणाले, जशी काय पोथी." गुरुमूर्तींनी चष्मा पुसला. "एक सांगू? डोळे अधू झाल्यापासून त्यांना खालची अक्षरं वाचता येत नाहीत. त्यांनी ह्या तबकड्या बघितल्यात असं मला वाटत नाही."

अदितीने त्यांच्याकडून दहाव्या चित्रपटाची प्रत मागून घेतली.

४

तिसऱ्या वसंतामामी. त्या तिरुवल्लिकेणीत, देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत एकट्या राहत. वय पासष्टीचं. मंडळाच्या प्रत्येक खेळाला त्या सगळ्यांच्या आधी यायच्या आणि हॉलमागच्या स्वयंपाकघरात काफी करायच्या. मंडळाचं खरं अन्नपाणी त्यांच्याच हाती, असं सगळे म्हणत. त्यांनी यादीबद्दल कधी एक शब्द काढल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"ये गे, बैस," त्या म्हणाल्या. त्यांची मराठी जुन्या तंजावरी वळणाची, तमिळ हेल काढून बोललेली. "काफी घे. साखर पुरे ना?"

"मामी, तुम्ही दर वेळी मागे का बसता? चित्रपट नीट दिसत नसेल."

"दिसतें की. ऐकूंही येतें."

"तुम्हाला कुठला अवघड वाटतो?"

मामींनी टंबलरमधली काफी डबऱ्याच्या पसरट वाटीत ओतली, परत टंबलरमध्ये ओतली. फेस वर आला.

"दवाखान्याचा," त्या म्हणाल्या. "ती नर्स खून कां करिते, शेवटपर्यंत सांगतच नाहींत. मी तीन दिवस विचार केला होता त्यावर. स्वयंपाक करतांना, निजतांना. मग उमगलें."

"तो तर अजून दाखवलाच नाही आपण."

"पूर्वीं पाहिला. जुन्या फिल्म सोसायटीत. वकिलातीनें पेटी पाठविली होती."

"कधी?"

"अठ्ठ्याहत्तर सालीं. एकच खेळ झाला. मग ती पेटी त्यांच्या देशास परत गेली." त्यांनी टंबलर अदितीसमोर ठेवला. "निवते आहे, पी."

भिंतीवर एका तरुण माणसाचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. अदितीने विचारलं, तेव्हा मामी म्हणाल्या, "आमचे हे. अनंतकृष्ण. सोसायटीचा प्रोजेक्टर तेच चालवीत."

एवढं बोलून त्या उठल्या आणि आत निघून गेल्या.

५

शनिवारी दुपारी अदितीने 'बंद दवाखाना' पाहिला. एक तास झाल्यावर ती ताठ बसली आणि तोच भाग पुन्हा लावला.

चित्रपटाच्या मध्यावर परिचारिकेचं सगळं पूर्वायुष्य येत होतं. वीस मिनिटांचं सलग मागचं कथानक: तिची बहीण, त्या डॉक्टरने बहिणीवर केलेली चुकीची शस्त्रक्रिया, दडपलेले कागद. हेतू झाकलेला नव्हता. तो दिवा लावून समोर ठेवलेला होता. त्यानंतर खुनी कोण, हे शाळकरी मूलही सांगू शकलं असतं.

पण मामी म्हणाल्या होत्या, शेवटपर्यंत सांगतच नाहीत. आणि सुधींद्रराव म्हणाले होते, हेतू शेवटपर्यंत झाकलेला आहे.

जुने चित्रपट रिळांतून यायचे. एक रीळ पंधरा-वीस मिनिटांचं. वकिलातीच्या त्या पेटीतलं मधलंच रीळ आलं नसेल तर? तर त्या सोप्या गोष्टीचं अतिशय अवघड कोडं होऊन बसलं असतं. यादीतली दहावी जागा त्याला शोभली असती.

म्हणजे तबकड्या बदलणाऱ्याने हा चित्रपट रीळ हरवलेल्या अवस्थेत पाहिलेला होता. म्हणूनच त्याला वाटलं, हा पाचवा आला की लोक उठून जातील. देवेशने तो पाहिलेलाच नव्हता. गुरुमूर्तींनी पूर्ण पाहिला होता. उरल्या मामी.

अदितीला उत्तर सापडलं होतं, पण समाधान होईना. कारण दुसरंही एक माणूस त्याच चुकीत अडकलेलं होतं. यादी करणाराही.

तिने गुरुमूर्तींना फोन लावला. "सुधींद्रराव मद्रासला कधी आले?"

"एक्याऐंशीत. त्याआधी विमा कंपनीने त्यांना मदुरैला ठेवलं होतं, सात-आठ वर्षं. का?"

"आणि अनंतकृष्ण कधी गेले?"

"एक्याऐंशीतच," गुरुमूर्ती म्हणाले.

६

"सात वर्षें केली यांनीं ती यादी," वसंतामामी म्हणाल्या. त्यांनी काहीच नाकारलं नाही. अदिती बोलत होती तेव्हा त्या वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या, आणि अदिती थांबली तेव्हाही सोलतच राहिल्या. "माझ्यासाठीं केली. मी लग्न होऊन तंजावराहून आलें तेव्हां मज इंग्रजी येत नव्हतें. सोसायटीतल्या बायका मला हसत. हे म्हणाले, तुला मी शिकवितों. पहिला असा दाखविला कीं भाषा न कळली तरी गोष्ट कळावी. मग त्याहून थोडा अवघड. मज कळला नाहीं कीं तो खालीं सरकवीत, मधें दुसरा घालीत. मी चुकलें कीं ते म्हणत, तुझी चूक नव्हे, जागा चुकली."

"आणि सुधींद्रराव?"

"त्या सालीं सोसायटीत आले, यांच्याशीं मैत्री जमली. हे गेले त्याच्या तेराव्यास घरीं आले. म्हणाले, वहिनी, अनंताचे कागद सांभाळून ठेवितों. मी दिले. दोन वर्षांनीं सुधींद्ररावांचें व्याख्यान होतें, मी ऐकावयास गेलें. मज वाटलें, आतां नांव घेतील. आतां घेतील." शेंगा संपल्या होत्या. मामींनी सालं गोळा केली. "पंचवीस वर्षें काफी केली गे मी. दर वेळीं वाटायचें, आज घेतील."

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"कोण मानणार? चित्रपट जगाचे. नुसता क्रम. क्रमावर कुणाचें नांव लिहिलेलें असतें?" त्यांनी वर पाहिलं. डोळे कोरडे होते. "कॅमेरा येणार म्हणून कळलें. मग मी म्हटलें, पुरे. आमच्या यांनीं शिकविलें होतें कुठला कुठें लावावा. कुठें लावूं नये, तेंही त्यांतच आलें."

"सुधींद्ररावांना तुमचं नाव हवंय. सगळ्यांसमोर."

"सांग," मामी म्हणाल्या. "पण मी तिथें असतांना सांग."

७

पुढच्या खेळाला हॉल भरला होता. खून कुणी केला यापेक्षा तबकड्या कुणी बदलल्या, याचीच चर्चा होती. सुधींद्रराव इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते. अदितीने आज 'बंद दवाखाना' लावायला सांगितला, तेव्हा ते खुशीत हसले. "पाचव्या जागी? लावा. लोकांना कळू दे काय नुकसान झालं असतं ते."

आधी त्यांनी पाच मिनिटं भाषण केलं. हेतू कसा झाकलेला आहे, म्हणून तो दहावा कसा. मग दिवे मालवले.

मधलं मागचं कथानक सुरू झालं तेव्हा अदितीने मागे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात मामी उभ्या होत्या. त्यांचा हात तोंडावर गेला होता. परिचारिकेची बहीण त्यांना आज पहिल्यांदाच भेटत होती. अनंतकृष्णांना ती कधीच भेटली नव्हती.

चित्रपट थांबवला. चिठ्ठ्या गोळा झाल्या. अदितीने एकेक उघडून वाचली. परिचारिका. परिचारिका. परिचारिका. देवेशने मोठ्याने म्हटलं, "माझीसुद्धा बरोबर आली म्हणजे विषय संपला." हशा झाला. सुधींद्रराव मात्र हसले नाहीत.

"सर," अदिती म्हणाली, "यात हेतू वीस मिनिटं उघड दाखवलाय. तुम्ही हा चित्रपट कधी पाहिलात?"

"अनेकदा."

"इथे ही तबकडी येण्याआधी मद्रासमध्ये तो एकदाच दाखवला गेला. अठ्ठ्याहत्तर साली, मधलं रीळ नसलेला. ज्याने तो खेळ पाहिला त्याला तो अवघड वाटणारच. तुम्ही तेव्हा मदुरैला होतात. आणि तबकडी पाहिली असतीत तर तो दहावा राहिलाच नसता. मग तो दहावा कुणी ठरवला?"

सुधींद्रराव खुर्चीतून उठले. त्यांना चेहरे दिसत नव्हते, पण चाळीस माणसं आपल्याकडे बघताहेत हे कळायला डोळे लागत नाहीत.

"तुम्हाला तबकड्या बदलणाऱ्याचं नाव हवं होतं," अदिती म्हणाली. "दोन्ही नावं एकाच घरातली आहेत."

"मी बदलिल्या," मामी दारातून म्हणाल्या. "वसंता अनंतकृष्ण."

त्यांनी नवऱ्याचं नाव सावकाश, अक्षर अक्षर सुटं करून उच्चारलं. सुधींद्रराव खाली बसले. ते म्हणाले, "यादी अनंताची आहे. सगळीच. मी फक्त..." कुणी टाळी वाजवली नाही, कुणी दिलासाही दिला नाही.

८

मंडळाने यादीवरचं नाव बदललं, छापील कार्यक्रम बदलला. सुधींद्रराव अध्यक्ष राहिले नाहीत. खेळांना मात्र येत राहिले, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत राहिले. वर्षाअखेरीला बारावा चित्रपट आला, तोवर त्यांना उजेड-अंधाराखेरीज काही दिसत नव्हतं.

त्या दिवशी ते काठी टेकत स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "वहिनी," ते म्हणाले. "बारावा मी कधीच पाहिलेला नाही. अनंताच्या कागदांवर शेवट लिहिलेला नव्हता. पंचवीस वर्षं मी त्यावर बोललो, शेवट ठाऊक नसताना. मला तो कळायला हवा. माफ करा, पण दुसऱ्या कुणाला मी विचारू शकत नाही."

मामींनी हात पुसले. "चला," त्या म्हणाल्या. "मी शेजारीं बसून सांगतें."

आणि त्यांनी सांगितलं. अदिती मागच्या रांगेतून ऐकत होती. पडद्यावर जे दिसत होतं, जे खाली अक्षरांत येत होतं, ते मामी हलक्या आवाजात एकही धागा न सोडता सांगत गेल्या. तीन साक्षीदार, तीन निराळ्या हकिगती. कुणाच्या हकिगतीत खिडकी उघडी होती, कुणाच्यात बंद. कोण कुठे अडखळला. सुधींद्रराव पुढे झुकून ऐकत होते, लहान मुलासारखे. मधे एकदा ते म्हणाले, "खिडकी. खिडकीत काहीतरी आहे." मामी म्हणाल्या, "आहे."

मग थांबायची वेळ आली. चिठ्ठ्या लिहून झाल्या. देवेशने चित्रपट पुन्हा सुरू केला.

बाराव्याचा शेवट असा आहे की शेवटच्या दहा मिनिटांत कुणी बोलतच नाही. अक्षरं नाहीत, संगीत नाही. तिन्ही हकिगतींतलं खरं काय ते फक्त दिसतं. म्हणून तो बारावा.

मामी उठल्या. पदर सारखा केला.

"वहिनी?" सुधींद्रराव म्हणाले. "आता काय होतंय?"

"यापुढचें मज सांगतां यायचें नाहीं," त्या म्हणाल्या. "आमच्या यांनीं मला समजावून सांगितलें होतें, तें त्यांचें आहे."

त्या चपला घालून बाहेर पडल्या. सुधींद्ररावांनी मान वळवली. "अदिती? आहेस का तू इथे?"

अदिती होती. शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते. तिने दाराकडे पाहिलं, आणि ती गप्प राहिली. हॉलमध्ये कुणीच बोललं नाही. सगळ्यांचे डोळे पडद्यावर खिळले होते. तिथे कुणीतरी लाकडी जिना चढत होतं. पावलांचा आवाज येत होता, एकेक पायरी वर. सुधींद्रराव काठीवर दोन्ही हात ठेवून, श्वास रोखून तो ऐकत होते. पावलं कोणाची होती, ते त्यांना कळायला मार्ग नव्हता.